तळाची पट्टी काय सांगते

१९६० च्या मे महिन्यात हवाई बेटावरील मौना लोआ वेधशाळेत हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं मासिक प्रमाण ३१९.८७ पीपीएम भरलं, म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागे सुमारे ३२० रेणू. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते ३१३.६८ वर आलं होतं. पाच महिन्यांत ६ पीपीएमहून जास्त घट. एवढेच दोन आकडे हाती असते तर हा वायू झपाट्याने कमी होतोय असंच कोणी म्हटलं असतं. वस्तुस्थिती उलटी होती. त्याच पाच महिन्यांत त्याची मूळ पातळी सुमारे पाव पीपीएमने वाढली होती, पण ती वाढ चोवीस पटीने मोठ्या हंगामी उताराखाली दडून गेली होती.

हे दडलेलं वर काढायची एक जुनी रीत आहे. महिन्यागणिक नोंदलेली आकड्यांची मालिका तीन भागांत फोडायची: दीर्घकाळ चालत राहणारा कल, दरवर्षी त्याच महिन्यांत त्याच तऱ्हेने येणारा हंगामी चढउतार, आणि या दोहोंत न बसणारी शिल्लक. मग मूळ मालिका आणि हे तीन भाग एकाखाली एक अशा चार पट्ट्यांत काढायचे. महागाई, बेरोजगारी, वीजवापर, पर्यटक अशा कुठल्याही मासिक आकड्यांच्या अभ्यासात हा चौपदरी आलेख भेटतो. बहुतेकांची नजर त्यातल्या कलाच्या रेषेवर जाते आणि तिथेच थांबते. पण आलेख विश्वासार्ह आहे की नाही हे कळतं ते शिल्लकीच्या पट्टीवरून, आणि ती असते सगळ्यात खाली.

मौना लोआची मालिका यासाठी सोयीची आहे, कारण तिच्यातल्या प्रत्येक भागामागचं कारण आपल्याला बरंच ठाऊक आहे. चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकी शास्त्रज्ञाने मार्च १९५८ मध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर ही मोजणी सुरू केली. जागा शहरांपासून आणि जंगलांपासून दूर, चहूकडे पॅसिफिक महासागर. जवळच्या ज्वालामुखीच्या भेगांतून निघणारा वायू किंवा दुपारी उतारावरून वर चढणारी हवा मोजणीत आली, तर ते तास ओळखून वेगळे काढले जातात. आकडेशास्त्राच्या ‘आर’ या प्रणालीत या नोंदींचा १९५९ ते १९९७ हा तुकडा `co2` या नावाने आयताच मिळतो. ३९ वर्षं, ४६८ महिने. पुढचं उदाहरण त्यावरचंच आहे.

पहिलं काम कल काढण्याचं. हंगाम बारा महिन्यांत एक फेरी पूर्ण करतो, म्हणून सलग बारा महिन्यांची सरासरी घेतली की प्रत्येक महिना एकदाच मोजला जातो आणि हंगामाचे चढ नि उतार एकमेकांना फेडून टाकतात. अडचण एवढीच की बारा ही सम संख्या आहे. जानेवारी ते डिसेंबरची सरासरी जून आणि जुलै यांच्या मधोमध पडते, कुठल्याच महिन्यावर नेमकी बसत नाही. त्यावर उपाय म्हणजे तेरा महिने घ्यायचे आणि दोन टोकांचे महिने अर्धे-अर्धे मोजायचे. मे १९६० चा कल हवा असेल तर नोव्हेंबर १९५९ चा अर्धा, डिसेंबर १९५९ ते ऑक्टोबर १९६० हे अकरा महिने पूर्ण आणि नोव्हेंबर १९६० चा अर्धा अशी बेरीज करून १२ ने भागायचं. उत्तर येतं ३१६.६९. याच पद्धतीने ऑक्टोबर १९६० चा कल येतो ३१६.९५. सुरुवातीला सांगितलेली पाव पीपीएमची वाढ ती हीच.

दुसरं काम हंगामी भागाचं. प्रत्येक महिन्याच्या मूळ आकड्यातून त्या महिन्याचा कल वजा करायचा. मे १९६० साठी ३१९.८७ वजा ३१६.६९, म्हणजे अधिक ३.१८. मग सगळ्या वर्षांतले मे एकत्र करून त्यांची सरासरी काढायची, सगळ्या जूनची वेगळी, असं बारा वेळा. या बारा सरासऱ्यांची बेरीज शून्य व्हावी म्हणून शेवटी थोडं सारखं करून घ्यायचं. `co2` मालिकेत मे महिन्याचा हंगामी हिस्सा येतो अधिक ३.००, ऑक्टोबरचा उणे ३.२५. वर्षभरातला पूर्ण हेलकावा सव्वासहा पीपीएमचा.

तिसरं काम नुसत्या वजाबाकीचं. मे १९६० मध्ये कलाच्या वर ३.१८ होते, त्यातले ३.०० हंगामाचे, राहिले ०.१८. ऑक्टोबर १९६० मध्ये कलाच्या खाली ३.२७ होते, त्यातले ३.२५ हंगामाचे, राहिलं जवळजवळ शून्य. हीच शिल्लक. कल, हंगाम आणि शिल्लक यांची बेरीज केली की मूळ आकडा जसाच्या तसा परत मिळतो. म्हणूनच बेरीज जुळली यावरून विभाजन बरोबर आहे असं ठरत नाही. ती नेहमीच जुळते.

हंगामी भागाचं कारण उत्तर गोलार्धातली झाडं. जमिनीचा मोठा हिस्सा उत्तरेला आहे. तिथे वसंतात पालवी फुटली की झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेऊ लागतात. मे महिन्यात शिखरावर असलेलं प्रमाण सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळ गाठतं. मग पानगळ होते, पालापाचोळा आणि माती यांतून वायू बाहेर पडत राहतो आणि प्रमाण पुन्हा मेपर्यंत चढतं. दक्षिण गोलार्धात जमीन कमी, त्यामुळे दक्षिण ध्रुवावरच्या नोंदींत हा हेलकावा खूप लहान असतो आणि त्याचे महिनेही उलटे असतात.

मात्र हे कारण आलेख सांगत नाही, ते आपण बाहेरून आणतो. गोव्यातल्या काब द राम इथे १९९३ पासून काही वर्षं समुद्रकाठच्या हवेचे नमुने कुप्यांत भरून ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत तपासले गेले. तिथेही स्पष्ट वार्षिक हेलकावा आहे, पण त्याचं सारं श्रेय झाडांना देता येत नाही. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून, विषुववृत्तापलीकडची हवा घेऊन येतो. हिवाळ्यात ईशान्येचा वारा भूभागावरची हवा आणतो. कुपीत येणारी हवाच वर्षातून दोनदा बदलते. विभाजनाच्या दृष्टीने दोन्ही कारणं सारखीच: बारा महिन्यांनी परत येतं ते सगळं हंगामी पट्टीत जातं, मग ते पानांमुळे असो की वाऱ्यामुळे.

हीच गोष्ट कलाचीही. मौना लोआच्या कलात मुख्य वाटा आहे जाळलेल्या कोळशाचा आणि तेलाचा. पण जून १९९१ मध्ये फिलिपाइन्समधला पिनातुबो ज्वालामुखी फुटल्यावर पुढच्या एक-दोन वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या वाढीचा वेग ठळकपणे मंदावला. हा परिणाम वर्षाहून अधिक काळ टिकला, म्हणून तो शिल्लकीत न दिसता कलाच्या रेषेत सपाटीसारखा दिसतो. मंद गतीने बदलतं ते कल, बारा महिन्यांनी परत येतं ते हंगाम. या पद्धतीला एवढीच वर्गवारी ठाऊक आहे.

आता आलेखाकडे. हे तीन आदेश दिले की तीन वेगवेगळे आलेख समोर येतात:

```r
plot(decompose(co2))
plot(stl(co2, s.window = "periodic"))
plot(stl(co2, s.window = 21))
```

पहिला आपण वर हाताने केलेल्या सरासरीचा. दुसरा आणि तिसरा ‘एसटीएल’ या पद्धतीचा, जी रॉबर्ट क्लीव्हलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. तीत साध्या सरासरीऐवजी आसपासच्या बिंदूंना जवळिकीप्रमाणे वजन देऊन गुळगुळीत रेषा बसवली जाते, आणि कल व हंगाम आळीपाळीने काढत दोन्ही सुधारत नेले जातात.

एसटीएलच्या आलेखात प्रत्येक पट्टीच्या उजव्या कडेला एक राखाडी उभी कांडी असते. पुष्कळ जण तिला शोभेची समजतात. चारही पट्ट्यांची उंची कागदावर सारखीच असते, पण त्यांतले आकडे सारखे नसतात. मूळ मालिका ३१३ पासून ३६७ पर्यंत, म्हणजे जवळपास ५४ पीपीएम पसरली आहे. हंगामी पट्टीत सगळा खेळ सहा-साडेसहा पीपीएमचा. आणि शिल्लक बहुतेक महिन्यांत अर्ध्या पीपीएमच्या आत. तरी तिन्ही रेषा आपापली पट्टी भरून टाकतात, त्यामुळे नुसत्या नजरेला तिन्ही तितक्याच महत्त्वाच्या वाटतात. राखाडी कांडी चारही ठिकाणी तेवढेच पीपीएम दाखवते. हंगामी पट्टीत ती मूळ मालिकेतल्या कांडीच्या आठ-नऊ पट लांब दिसते, याचा अर्थ ती पट्टी तितक्या पटीने मोठी करून दाखवली आहे. शिल्लकीच्या पट्टीत ती आणखी लांब. ज्या आलेखात अशी कांडी नाही, उदाहरणार्थ पहिल्या आदेशाच्या, तिथे डाव्या कडेचे आकडे वाचल्याशिवाय पट्ट्यांची तुलना करू नये.

तळाच्या पट्टीत काय शोधायचं? खरं तर काहीच सापडू नये. कल आणि हंगाम नीट उचलले गेले असतील तर उरलेले आकडे शून्याच्या वरखाली, ठरावीक चाल नसलेले आणि सगळ्या वर्षांत साधारण सारख्याच पसाऱ्याचे असावेत. तिथे चाल दिसली तर वरच्या दोन पट्ट्यांपैकी एकीने आपलं काम अर्धवट सोडलं आहे.

मौना लोआच्या बाबतीत असं होतंच. आपण काढलेल्या हंगामी भागात एक गृहीत लपलेलं आहे: १९५९ चा मे आणि १९९७ चा मे यांचा हिस्सा एकच, अधिक ३.००. पण कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं की १९६० च्या दशकाच्या आरंभापासून मौना लोआवरचा वार्षिक हेलकावा सुमारे २० टक्क्यांनी रुंदावला आहे, आणि उत्तर ध्रुवाकडच्या ठिकाणी त्याहून जास्त. सगळ्या वर्षांसाठी सरासरीचा एकच हेलकावा वापरला तर तो सुरुवातीच्या वर्षांना मोठा पडतो आणि शेवटच्या वर्षांना अपुरा. ऑक्टोबर १९६१ पाहा. मूळ आकडा ३१५.१६, कल ३१७.७९, म्हणजे कलाच्या खाली २.६३. हंगामी भाग मात्र ३.२५ चा उतार गृहीत धरतो. शिल्लक राहते अधिक ०.६२. या महिन्यात विशेष काही घडलं म्हणून हे आलेलं असेलच असं नाही. त्या काळचा तळ सरासरीइतका खोल नसणं हेही त्याचं कारण असू शकतं.

एका महिन्यावरून हे ठरत नाही. ऑक्टोबर १९६० मध्ये शिल्लक जवळजवळ शून्य होती हे आपण पाहिलंच. म्हणून शिल्लकीचे आकडे महिनावार वेगळे करून बघायचे: सगळे ऑक्टोबर ओळीने, सगळे मे ओळीने. हेलकावा रुंदावत असेल तर ऑक्टोबरच्या ओळीत सुरुवातीची वर्षं शून्याच्या वर आणि शेवटची खाली जातात, मेच्या ओळीत उलटं. सलग पट्टीत हेच दोन्ही टोकांना हलक्या वार्षिक लाटेसारखं आणि मधल्या वर्षांत शांत असं उमटतं. तळाच्या पट्टीत बारा महिन्यांची लाट दिसणं म्हणजे हंगाम पूर्ण निघालेला नाही याची खूण.

तिसऱ्या आदेशातली २१ ही संख्या यासाठीच आहे. ती सांगते की एखाद्या वर्षाच्या ऑक्टोबरचा हंगामी हिस्सा ठरवताना सगळ्या ऑक्टोबरना सारखं न मोजता आसपासच्या साधारण २१ ऑक्टोबरांकडे पाहा, आणि जवळच्यांना जास्त वजन द्या. त्यामुळे हंगामी भाग वर्षागणिक हळूहळू बदलू शकतो. मग हीच संख्या आणखी कमी का करू नये? सातवर आणली तर तळाची पट्टी अधिकच शांत दिसते, पण ती शांतता फसवी असते. थोड्याच वर्षांच्या आधारावर ठरलेला हंगाम त्या वर्षांतले योगायोगही आपल्यात सामावून घेतो. एखाद्या वर्षीचा वेगळा ऑक्टोबर शिल्लकीत दिसायला हवा, तो हंगामाच्या नावाखाली लपतो. योग्य संख्या सांगणारं सूत्र नाही. दोन-तीन संख्या घालून आलेख शेजारी ठेवायचे आणि ज्या सर्वांत मोठ्या संख्येला तळातली वार्षिक लाट नाहीशी होते ती घ्यायची, हा व्यवहारातला मार्ग.

तळाची पट्टी आणखी एक चूक पकडते. आपण बेरजेचं विभाजन केलं, म्हणजे हंगाम कलावर ठरावीक पीपीएम चढवतो किंवा उतरवतो असं मानलं. काही मालिकांत हंगाम बेरजेने चालत नाही, गुणाकाराने चालतो. आकडेशास्त्राच्या वर्गांत नेहमी शिकवली जाणारी आंतरराष्ट्रीय विमानप्रवाशांची मासिक मालिका घ्या. १९४९ मध्ये सर्वांत कमी महिना १ लाख ४ हजारांचा आणि सर्वांत जास्त १ लाख ४८ हजारांचा होता, फरक ४४ हजारांचा. १९६० मध्ये हेच आकडे ३ लाख ९० हजार आणि ६ लाख २२ हजार, फरक २ लाख ३२ हजारांचा. फरक पाचपट झाला, पण गुणोत्तर १.४ वरून १.६ इतकंच सरकलं. इथे बेरजेचं विभाजन केलं की शिल्लक मधल्या वर्षांत बारीक राहते आणि दोन्ही टोकांना मोठ्या लाटांत फुगते. उपाय सोपा आहे: आधी आकड्यांचे लॉगॅरिदम घ्यायचे, मग विभाजन करायचं. लॉगॅरिदमात गुणाकाराची बेरीज होते. या मालिकेत टोकांना फुगण्याची ती खूण मौना लोआपेक्षा कितीतरी ठसठशीत दिसते.

शिल्लकीचा आणखी एक उपयोग म्हणजे ती मोजणीची मर्यादा दाखवते. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे जगातलं खनिज इंधनांपासूनचं कार्बन उत्सर्जन सुमारे ५ टक्क्यांनी घटलं. त्यामुळे हवेतल्या प्रमाणात पडणारा फरक एक-दोन दशांश पीपीएमचा. मौना लोआची शिल्लक महिन्याला सहज तेवढी वरखाली होते. म्हणून त्या वर्षीचा खड्डा वक्ररेषेत डोळ्यांना दिसला नाही, आणि तो दिसला नाही म्हणून उत्सर्जन घटलंच नाही असा निष्कर्षही निघत नाही.

इतकी काळजी घेऊन हाती काय लागतं? प्रमाणाने ४०० पीपीएमची पातळी कधी ओलांडली, या प्रश्नाचं धड उत्तर. दिवसाची सरासरी पहिल्यांदा ४०० च्या वर गेली मे २०१३ मध्ये, वर्षाच्या शिखरावर. पुढच्या महिन्यांत ती पुन्हा खाली आली. महिन्याची सरासरी ४०० च्या वर गेली एप्रिल २०१४ मध्ये, तीही शिखराच्या तोंडावर. त्या वर्षाची सरासरी मात्र ३९९ च्या आसपासच राहिली. पूर्ण वर्षाची सरासरी ४०० च्या पुढे गेली २०१५ मध्ये. त्यानंतरच्या २०१६ च्या सप्टेंबरात, म्हणजे हंगामाच्या तळालाही, आकडा ४०० च्या वरच होता. चारही बातम्या खऱ्या होत्या. पण पहिल्या दोन हंगामाच्या खांद्यावर बसून आल्या होत्या. कलाने ती रेघ ओलांडली ती २०१५ च्या सुमारास.

२०१५ हे उत्तर आपण आज खात्रीने देतो, कारण त्याच्या पुढची वर्षं आता हाती आहेत. मे महिन्याचा कल काढताना आपल्याला पुढच्या नोव्हेंबरपर्यंतचे आकडे लागले होते. म्हणजे बारा महिन्यांच्या सरासरीने काढलेल्या कलाला पहिले सहा आणि शेवटचे सहा महिने नसतात. पहिल्या आदेशाच्या आलेखात कलाची रेषा दोन्ही बाजूंना अलीकडेच संपते ती त्यामुळे. एसटीएलची रेषा टोकापर्यंत पोहोचते, पण शेवटच्या महिन्यांत तिला एकाच बाजूचे शेजारी मिळतात. नवे आकडे येतील तसा तो भाग वर किंवा खाली सरकतो, आणि त्याच्याबरोबर त्या महिन्यांची शिल्लकही. दर महिन्याला प्रसिद्ध होणाऱ्या ‘हंगामी परिणाम वगळलेल्या’ आकड्यांत पुढे दुरुस्त्या होत राहतात, त्यामागे हेही एक कारण असतं. कुणी असा आलेख पुढे करून “बघा, कल वळला” म्हणालं, तर वळण शेवटच्या वर्षभरातलं आहे का हे आधी पाहावं. असेल तर आणखी सहा-आठ महिन्यांचे आकडे घालून तेच विभाजन पुन्हा करावं, आणि वळण जागेवर राहिलं तरच ते कलाचं म्हणावं.